एक पुडी, पण किती पाण्यात?

ओआरएसची पुडी देताना मेडिकलवाल्याने एकच वाक्य सांगितलं होतं: "एक पुडी, एक ग्लास पाणी." माझ्या नवऱ्याने ते घरी येऊन जसंच्या तसं आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं आणि आईंनी तसंच केलं. त्या दोघांना मी आजही काही बोलणार नाही. दुकानात उभा असलेला माणूस औषध कसं द्यायचं ते सांगतो, तेव्हा लोक ते खरंच मानतात.

पहिला पाऊस पडून गेला की आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात विहिरींचं पाणी गढूळ होतं आणि घरोघरी जुलाब सुरू होतात. माझी मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती, वजन नऊ किलो. सकाळपासून पाण्यासारखी शी होत होती. मी खोपोलीला कामावर होते. घरी आले तर पोर वाटीवर झडप घालत होती, दोन घोट घेऊन रडत होती, पुन्हा वाटी मागत होती. ओठ कोरडे पडले होते. जुलाब झालेल्या मुलाला तहान लागतेच, पण पाणी पोटात जात असतानाही तहान वाढतेच आहे, हे मला विचित्र वाटलं. मी वाटीतलं पाणी बोटाने चाटलं. ते समुद्राच्या पाण्यासारखं खारट होतं.

मग पुडी उजेडात धरून वाचली. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की ही पुडी एक लिटर पाण्यासाठी आहे. म्हणजे पाच ग्लासांचं औषध एका ग्लासात गेलं होतं.

कर्जतच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मुलीला तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पुडी किती पाण्यात घातली होती?" म्हणजे हे त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं. आतड्यात साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असले की ते जोडीने शरीरात शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. सगळं औषध या जोडीवर चालतं. पाणी कमी पडून द्रावण घट्ट झालं की उलटं होतं. आतडं शरीरातलंच पाणी बाहेर खेचतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ वाढतं. मूल चिडचिडं होतं, त्याची तहान भागत नाही आणि फार झालं तर झटके येतात. आमच्या मुलीच्या पोटात थोडंच गेलं होतं, म्हणून निभावलं. त्यांनी तिथेच बसवून चार तासांत नीट केलेलं ओआरएस चमच्याने पाजायला लावलं. हिशोब किलोला ७५ मिलीचा, म्हणजे नऊ किलोला साधारण पावणेसातशे मिली. संध्याकाळी तिने लघवी केली तेव्हा मला श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मेडिकलमध्ये गेले. उत्तर मिळालं, "ताई, पुडीवर लिहिलेलं असतं, वाचायचं ना." चूक मान्य करणं राहिलं बाजूला, आम्हीच ऐकण्यात चुकलो असं म्हणाला. त्याच्या बरणीत छोट्या आणि मोठ्या पुड्या एकत्र पडल्या होत्या. छोटी पुडी साधारण चार ग्रॅमची, ती २०० मिलीची, म्हणजे एका ग्लासाची. मोठी साधारण एकवीस ग्रॅमची, ती एक लिटरची. त्याने सूचना छोटीची दिली आणि हातात मोठी ठेवली. आमच्या वाड्यांवर इंग्रजी वाचणारं माणूस दर घरात नसतं, हे त्याला माहीत नाही असं होऊच शकत नाही.

म्हणून दुकानातच विचारा, "ही किती पाण्याची पुडी आहे?" आणि उत्तर मिळालं तरी आकडा स्वतः बघा. आशाताई देतात ती सरकारी पुडी सहसा एक लिटरची असते. मापाला विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली सगळ्यात सोपी. ती धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने भरून मोठ्या भांड्यात ओता आणि पूर्ण पुडी एकदम घाला. पोर लहान म्हणून पाव पुडी अंदाजाने घालू नका, कारण अंदाज चुकतोच. वरून साखर, मीठ, दूध किंवा सरबत घालायचं नाही आणि तयार पाणी पुन्हा उकळायचं नाही. मग आधी स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. चोवीस तासांनी उरलेलं टाका, पुन्हा नवं करा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा ग्लास द्यायचं. त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका, मऊ भात, वरण, केळं द्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडायचं नाही. जुलाब बंद करायच्या गोळ्या लहान मुलाला देऊ नका. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, ते गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. "दिलं पण फरक नाही" म्हणून सोडून देणारे इथेच फसतात.

त्याच दुकानदाराने गोड पेयाचा एक खोकाही दिला होता, "हेही ओआरएसच" म्हणून. अशा पेयात साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. तरी पुडीच मागा.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. छावणीतल्या आया ते नीट पाजू शकल्या, कारण ते मापून तयार करून दिलेलं होतं. आम्हाला मात्र दुकानात धड मापही सांगत नाहीत.

मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, सगळं उलटून टाकत असेल, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश सपाट झाली, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शीत रक्त दिसलं, तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर आधीच दाखवा. चुकून घट्ट ओआरएस गेलं असेल तरीही तडक सरकारी रुग्णालयात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेत नीट केलेलं ओआरएस चमच्याने चालू ठेवा आणि रिकामी पुडी सोबत न्या, म्हणजे ती किती पाण्याची होती ते डॉक्टरांना लगेच कळेल.