मीटरवरच्या दिव्यांची हजेरी

मीटरवर लागलेला दिवा विझविणे आणि ज्या कारणास्तव तो लागला ते कारण दूर करणे या दोन सर्वस्वी भिन्न बाबी आहेत, आणि नव्या मोटारीच्या पहिल्या आठवड्यात मालकाने एवढा एकच भेद मनात पक्का केला, तरी गाडीसोबत आलेल्या जाडजूड पुस्तिकेतील इशारादर्शकांची पाने वाचण्याचे सार्थक झाले असे मी समजेन. सेनगावच्या आमच्या घरी ऐन मार्गशीर्षाच्या थंडीत पहिली चारचाकी आली, तेव्हा तहसील कचेरीच्या दप्तरात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला गाडी चालविण्यापेक्षा तिचे कागद वाचणे अधिक सोयीचे वाटले. त्या वाचनाचा उपयोग पुढे चारच दिवसांत कसा झाला, हे नव्याने गाडी घेणाऱ्यांसाठी तपशिलाने सांगावे म्हणून हा मजकूर.

पुस्तिका हाती घेतल्यावर पहिली अडचण उभी राहते ती अशी की, ती केवळ आपल्या गाडीसाठी लिहिलेली नसते. एकाच नमुन्याच्या स्वस्त आणि महाग अशा सर्व प्रकारांना मिळून एकच पुस्तिका छापतात, आणि जी सोय सर्वांत नाही तिच्यापुढे तारांकन करून ‘असल्यास’ एवढाच शेरा मारतात. त्यामुळे दिव्यांच्या चित्रांची पानेच्या पाने डोळ्यांखालून जातात, पण त्यांतले आपल्या वाट्याला आलेले किती, याचा उलगडा होत नाही. यावर उपाय सोपा आहे. पुतण्याला शेजारी बसवून, पुस्तिका मांडीवर उघडून, मी किल्ली फिरविली ती `ON` या खुणेपर्यंतच, इंजिन चालू न करता. (जेथे किल्लीऐवजी बटण असते तेथे ब्रेक अथवा क्लच न दाबता ते बटण दाबले म्हणजे हाच टप्पा येतो, किती वेळा दाबावयाचे ते पुस्तिकेत दिलेले असते.) त्या क्षणी बहुतेक इशारादर्शक दिवे एकदम लागतात. शाळेत मास्तरांनी हजेरी घ्यावी तसा हा प्रकार आहे: प्रत्येक दिव्याने एकदा ‘हजर’ म्हणावे आणि मग आपापल्या वेळी खाली बसावे. जे लागले त्यांच्या चित्रांवर पेन्सिलीने खूण केली, बाकीची सोडून दिली, आणि पुस्तिकेचे ओझे निम्म्याने उतरले.

आता कोणता दिवा केव्हा विझतो, हे पाहण्यासारखे आहे. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा इंजिन सुरू न करताही काही सेकंदांत विझतो, कारण त्या यंत्रणा आपली तपासणी आपणच करून मोकळ्या होतात. तेलाच्या बुधलीचा आणि बॅटरीचा लाल दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत तसाच राहतो, आणि त्यात बिघाड काहीच नाही. इंजिन फिरत नसताना तेलाला दाब कोठून येणार आणि बॅटरी भरणार कशी? इंजिन सुरू झाल्यावर मात्र हे दोन्ही तात्काळ गेले पाहिजेत. हँडब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडताच जावा. सोडूनही तो राहिला, तर ब्रेकच्या तेलाची पातळी खालावली असण्याचा संभव असतो आणि गाडी रस्त्यावर काढू नये. आणि ज्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ती ही की, हजेरीच्या वेळी जो दिवा लागलाच नाही, त्याचीही चौकशी केली पाहिजे. एअरबॅगचा दिवा मुळीच न लागणे हे तो सतत लागून राहण्याइतकेच काळजीचे आहे, कारण मग बिघाड झाला तरी तो कळविणारा कोणी उरत नाही.

रंगांचा संकेत थोडक्यात असा: लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढीच खबर. परंतु रंगाइतकेच महत्त्व दिव्याच्या वर्तनाला आहे. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश दुरुस्तीच्या कारखान्यापर्यंत नेता येते. तोच चालताना लुकलुकू लागला, तर सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि न जळलेले इंधन धुराड्याच्या मार्गातील शुद्धीकरण-यंत्र जाळून टाकू शकते, असा त्याचा अर्थ होतो. उलटपक्षी, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडी गेली की जो आवाज येतो आणि १२० च्या पुढे जो अखंड चालू राहतो, तो बिघाड नव्हे. १ जुलै २०१९ पासून देशातील सर्व नव्या मोटारींना तो कायद्यानेच बसविलेला आहे.

दिव्यांनंतर मी मीटरच्या मधल्या छोट्या पडद्याकडे वळलो. त्याला एकच बटण असते आणि त्याच बटणाला दोन अधिकार असतात: हलकेच दाबले तर पान उलटते, काही सेकंद दाबून धरले तर पानावरची नोंद पुसून शून्यावर येते अथवा नव्याने कायम होते. `TRIP A` चे अंतर चुकून पुसले गेले तर हिशेब गेला एवढेच नुकसान. पण याच पानांच्या रांगेत पुढे `TPMS` असे एक पान होते, त्यावर `SET` अशी आज्ञा होती, आणि पुस्तिकेत तिच्याखाली चौकटीत बजावलेले होते की, चारही चाकांतील हवा थंड अवस्थेत योग्य प्रमाणात भरून घेतल्याखेरीज ही आज्ञा देऊ नये. त्या वेळी त्या चौकटीचे कारण मला पुरते उमगले नव्हते. तरी तिच्याखाली रेघ ओढून ठेविली.

पुढे एके दिवशी शेतातून पांदण रस्त्याने बाहेर पडून हिंगोलीकडे जात असता मीटरवर पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. गाडीच्या चालीत, आवाजात तिळमात्र फरक नव्हता. बाहेरून पाहता चारही चाके सारखीच दिसत होती. वाटेतल्या हवेच्या दुकानावर थांबलो तेव्हा तेथील तरुण मोठ्या आपुलकीने म्हणाला, “काका, नव्या गाडीचा दिवा असा लागतोच. ते बटण दाबून धरा, आपोआप जातो. सगळे तसंच करतात.” पुतण्याचा हात बटणाकडे गेलाही होता. रेघ ओढलेली चौकट डोळ्यांपुढे असल्यामुळे मी त्याला थांबविले आणि आधी हवा मोजावयास सांगितली. तीन चाकांत ३५-३६ पीएसआय भरले. मागच्या डाव्या चाकात २५. साबणाचे पाणी लावताच नक्षीच्या खाचेतून बारीक बुडबुडे येऊ लागले आणि तेथे बाभळीचा काटा मोडून बसलेला सापडला. ट्यूबलेस टायर काट्याला आत धरून ठेवतो आणि हवा एकदम न सोडता तासातासाने सोडतो, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही.

ते बटण दाबले असते तर काय झाले असते, हे समजून घेण्यासाठी हवेचा इशारा देणाऱ्या या `TPMS` यंत्रणेची कार्यपद्धती जाणली पाहिजे. अनेक गाड्यांत चाकाच्या आत दाब मोजणारे उपकरण नसतेच. हवा कमी झालेले चाक किंचित बसते, त्याचा घेर लहान होतो, आणि तेवढेच अंतर कापण्यास त्याला इतरांपेक्षा अधिक फेरे घ्यावे लागतात. एबीएससाठी चाकांचे फेरे मोजणारे जे साधन आधीच बसविलेले असते, तेच हा फरक ताडते. तात्पर्य, या यंत्रणेला हवा किती हे ठाऊक नसते. ‘आज्ञा दिली त्या दिवशीपेक्षा वेगळे काही घडत आहे’ एवढेच तिला कळते. २५ पीएसआय असलेल्या चाकासह `SET` दिले असते, तर तीच अवस्था योग्य म्हणून तिच्या दप्तरी रुजू झाली असती, दिवा गेला असता, आणि चाक आणखी बरेच बसेपर्यंत तो पुन्हा लागला नसता. कमी हवेचा टायर धावताना बाजूंनी सारखा दुमडतो व तापतो, आणि उन्हात, भरल्या गाडीसह, वेगात तो फुटण्याची पाळी येते, ती अशाच वेळी.

काटा काढून पंक्चर बुजविले आणि तात्पुरती इतरांइतकी हवा भरली, पण `SET` दिले नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलविण्यापूर्वी केले. याचे कारण असे की, तपमान पाच-सहा अंशांनी बदलले की दाब साधारण एका पीएसआयने बदलतो. आमच्याकडे थंडीत पहाटे आणि दुपारी मिळून जो फरक पडतो, तो तीन पीएसआयपर्यंत सहज जातो, आणि चालून तापलेल्या चाकात तो आणखी वाढतो. म्हणून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला तरी हवा सोडू नये. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेला असतो. आमच्या गाडीवर तो ३३ आहे, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी निराळा रकाना आहे. पुस्तिकेत हेच माप किलोपास्कलमध्ये असले तर गोंधळू नये. ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २३० किलोपास्कल.

नव्या मालकाने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, डिलिव्हरीच्या दिवशी चाकांत हवा योग्यच असेल असे गृहीत धरू नये. कारखान्यातून दूरच्या प्रवासास निघालेल्या गाड्यांत ती मुद्दाम जास्त भरतात आणि कधीकधी ती तशीच राहून जाते. पहिल्याच सकाळी पट्टीबरहुकूम हवा करून, मगच `SET` द्यावे. दुसरी, ही यंत्रणा चाकाची तुलना चाकाशी करीत असल्याने चारही चाकांतील हवा महिनोन्महिने सारखीच उतरत गेली तर ती बहुधा गप्प राहते. आणि लहान मापाची स्टेपनी लावली तर विनाकारण बोलते. पडद्यावर चार चाकांचे चार निराळे आकडे दिसत असतील, तर तुमच्या गाडीत चाकाच्या आत मोजणारी दुसरी पद्धत आहे असे समजावे. तिला आकडे खरे कळतात, पण त्या उपकरणांची बॅटरी काही वर्षांनी संपते. बहुतेक गाड्यांत हाच दिवा सुरुवातीस मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर तक्रार हवेची नसून यंत्रणेची असते, आणि ते काम हवा भरणाऱ्याचे नव्हे, दुरुस्तीच्या कारखान्याचे.

तेव्हा दिवा लागला की क्रम असा ठेवावा: रंग पाहावा, स्थिर की लुकलुकता ते पाहावे, पुस्तिकेतील खुणेचे पान काढावे, कारण शोधून दूर करावे, आणि सर्वांत शेवटी बटणाला हात लावावा. आणि बाजारात थोडक्या पैशांत मिळणारे हवेचे मापक गाडीच्या खणात पुस्तिकेशेजारीच ठेवावे, म्हणजे महिन्यातून एका सकाळी, दिव्याची वाट न पाहता, चारही चाके आणि स्टेपनी मोजता येतात.