खर्चमर्यादेची भिंत आणि तिचे दार

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका विधानसभा निवडणुकीत मला मतदान केंद्राऐवजी खर्चाच्या लेखा पथकात काम मिळाले. मी तेव्हा उच्च माध्यमिक विद्यालयात राज्यशास्त्र शिकवीत होतो. 'एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य' हे सूत्र फळ्यावर लिहिण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली होती. या सूत्राचे पैशापुढे काय होते, हे मात्र मी त्या महिनाभरात प्रथमच जवळून पाहिले. प्रस्तुत लेखात मी ते काम आणि त्यामागचा कायदा यांविषयी लिहिणार आहे. हा विषय वर्गात शिकवणाऱ्यांना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम कामाचे स्वरूप सांगतो. प्रत्येक उमेदवाराला खर्चाची एक नोंदवही देतात. तिचे तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रक्कम आणि पिवळ्या पानांवर बँकेतील व्यवहार लिहायचे. त्यासाठी उमेदवाराने स्वतंत्र बँक खाते उघडायचे असते. दुसऱ्या बाजूला आमच्या पथकाकडे प्रत्येक उमेदवाराची एक वेगळी वही असते. तिला आम्ही छाया नोंदवही म्हणायचो. चित्रीकरण करणारे पथक सभेला जाते, खुर्च्या, भोंगे, झेंडे आणि गाड्या मोजते. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी ठरवलेले एक दरपत्रक असते. खुर्चीचे दिवसाचे भाडे, एका कप चहाचा दर, चौरस फुटामागे मंडपाचा दर, असे सगळे त्यात असते. मोजलेल्या वस्तूंना त्या दराने गुणून आम्ही आमच्या वहीत लिहायचो. प्रचारकाळात दोन्ही वह्या किमान तीन वेळा समोरासमोर ठेवून तपासल्या जातात. फरक आढळला की उमेदवाराला नोटीस जाते.

त्या निवडणुकीत माझा एक जुना विद्यार्थी अपक्ष उभा होता. त्याने वाड्या-वाड्यांवर कोपरा बैठका घेतल्या. त्यांपैकी दोन बैठकांच्या भोंग्याचे भाडे त्याच्या वहीत नव्हते. भोंगा एका मित्राने फुकट दिला होता आणि फुकट मिळालेल्या वस्तूचीही बाजारभावाने नोंद करावी लागते, हे त्याला ठाऊक नव्हते. फरकाची नोंद माझ्याच हस्ताक्षरात होती. त्याला नोटीस गेली, त्याने चूक कबूल केली आणि ती रक्कम खर्चात धरली गेली. त्याच आठवड्यात एका पक्षाचे राष्ट्रीय नेते हेलिकॉप्टरने आमच्या तालुक्यात येऊन गेले होते. वही परत नेताना तो मला म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलं ते बरोबरच आहे. पण ते हेलिकॉप्टर कुठल्या पानावर लिहिलं?"

मी त्याला सांगितले, कुठल्याच नाही. आणि ते नियमाला धरूनच होते.

त्या नियमाचा इतिहास समजून घ्यायला हवा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम ७७ नुसार उमेदवाराने स्वतः केलेला किंवा त्याने अधिकार देऊन करवलेला खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाता कामा नये. मर्यादा ओलांडणे हा कलम १२३(६) खाली 'भ्रष्ट आचार' ठरतो आणि त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. पण पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च कोणाचा धरायचा? हा प्रश्न १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या सदर मतदारसंघातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी विजयी उमेदवार अमरनाथ चावला यांच्याविरुद्ध याचिका केली होती. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालपत्राचा आशय असा : उमेदवाराला माहीत असताना, त्याची संमती असताना पक्ष त्याच्या निवडणुकीसाठी पैसा खर्च करीत असेल आणि तो त्याचा लाभ घेत असेल, तर तो खर्च त्याचाच समजला पाहिजे. तसे न केल्यास मर्यादेला अर्थ उरत नाही. मर्यादेमागचा हेतूही निकालपत्राने स्पष्ट केला. ज्याच्यामागे पैसा नाही अशा माणसालाही निवडणुकीत उभे राहण्याची समान संधी असावी, यासाठी ती मर्यादा आहे.

निकालाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १९ ऑक्टोबरला सरकारने अध्यादेश काढला. पुढे त्याचा कायदा झाला. कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले. पक्षाने किंवा उमेदवाराखेरीज अन्य कोणी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा नाही, असे त्यात म्हटले होते. शिवाय ते मागच्या निवडणुकांनाही लागू केले गेले. न्यायालयाने भिंतीतले दार बंद केले होते, संसदेने ते उघडून ठेवले. पुढची जवळजवळ तीन दशके स्थिती अशीच राहिली. २००३ च्या दुरुस्तीने हे दार अर्धे लोटले. विशिष्ट उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च आता उमेदवाराच्या हिशेबात येतो. मात्र पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि यादीतील नेत्यांचा प्रवासखर्च त्यातून वगळला आहे. मान्यताप्राप्त पक्षाला अशा ४० नेत्यांची यादी देता येते, यांनाच आपण 'स्टार प्रचारक' म्हणतो. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला २० नावे देता येतात. अपक्षाला अर्थातच एकही नाही.

याचा व्यवहारात काय परिणाम होतो, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडता येईल. समजा, एका पक्षाने तालुक्याच्या ठिकाणी सभा घेतली आणि मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, बसगाड्या मिळून सहा लाख रुपये खर्च झाला. व्यासपीठावर आजूबाजूच्या मतदारसंघांतले तीन उमेदवार बसले आणि नेत्याने त्यांची नावे घेऊन मते मागितली. मग सहा लाख तिघांत सारखे वाटले जातात, प्रत्येकाच्या नावावर दोन लाख. आता हीच सभा दुसऱ्या प्रकारे घ्या. उमेदवार व्यासपीठावर नाहीत, फलकांवर त्यांचे नाव किंवा छायाचित्र नाही आणि नेता फक्त पक्षचिन्हाला मत द्या म्हणतो. मंडप तोच, गर्दी तीच. तरी सहाच्या सहा लाख पक्षाच्या नावावर जातात आणि उमेदवारांच्या वहीत शून्य येते. नेत्याचे हेलिकॉप्टर दोन्ही वेळा वहीबाहेरच राहते. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही सभांतून तेवढेच कळते, कारण मतदानयंत्रावर त्या चिन्हासमोर कोणाचे नाव आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

पक्षाला निवडणुकीनंतर आयोगाकडे खर्चाचे विवरण द्यावे लागते. विधानसभेसाठी ७५ दिवसांत, लोकसभेसाठी ९० दिवसांत. परंतु त्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. म्हणजे हिशेब आहे, बंधन नाही. अपक्षाचा मात्र प्रत्येक रुपया मर्यादेच्या आतच मोजला जातो, कारण त्याच्या पाठीशी दुसरी वहीच नसते.

मर्यादेचा आकडाही पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२२ पासून विधानसभेसाठी महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत ती ४० लाख रुपये, तर गोव्यात २८ लाख आहे. गोव्यातील एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार, महाराष्ट्रात सव्वातीन लाखांहून अधिक. भागाकार केला तर गोव्यात मतदारामागे सुमारे ९५ रुपये आणि महाराष्ट्रात सुमारे १२ रुपये खर्च करण्याची मुभा मिळते. लहान मतदारसंघात पैशाचे वजन कमी असेल, असा आपला समज असतो. हा हिशेब त्याच्या उलट जातो. शिवाय २८ लाख ही रक्कम सामान्य शिक्षकाच्या, मासे विकणाऱ्या बाईच्या किंवा रेंदेराच्या आवाक्यातली नव्हे. मर्यादा म्हणजे छप्पर. त्यामुळे उंच माणसाला वाकावे लागेल, पण खड्ड्यात उभा असलेला त्याने वर येत नाही.

येथपर्यंत आपण खर्चाची बाजू पाहिली. पैसा येतो कोठून, ही दुसरी बाजू. कंपनीने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा अधिक देणगी पक्षांना देऊ नये, असे बंधन पूर्वी होते. २०१७ च्या वित्त अधिनियमाने ते उठवले. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली, तिच्यात देणगीदाराचे नाव मतदारांपासून गुप्त राहत असे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, आणि कंपन्यांना अमर्याद देणगीची मोकळीक देणारी दुरुस्तीही. मोठी देणगी देणाऱ्याला सत्ताधाऱ्यांपर्यंत पोचण्याची वाट मिळते आणि त्यातून आर्थिक विषमतेची राजकीय विषमता बनते, हा त्या निकालातील विचार १९७४ च्या निकालाशी थेट जोडलेला आहे. मतदानाच्या दिवशी दोघांचे मत सारखेच मोजले जाईल. पण धोरण ठरताना कोणाचा दूरध्वनी घेतला जाईल, हे त्या आधीच ठरलेले असते. मात्र या निकालाने पक्षाच्या खर्चावर मर्यादा आली नाही. तो प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

मग पक्षांवरही मर्यादा का घालू नये? ब्रिटनने २००० सालच्या कायद्याने तशी घातली आहे. पक्ष किती मतदारसंघ लढवतो, त्यावर तिचा आकडा ठरतो. आपल्याकडील आक्षेपही विचारात घ्यायला हवेत. पक्षाचा प्रचार बारमाही असतो, मग मोजणी कोणत्या दिवसापासून करायची? मर्यादा घातल्यावर तोच पैसा हितचिंतक मंडळे आणि संस्था यांच्या नावाने वाहू लागला, तर तो कोण पकडणार? हे आक्षेप खरे आहेत. पण उमेदवाराच्या मर्यादेलाही हेच आक्षेप लागू पडतात आणि तरी आपण खुर्च्या मोजतोच.

निकाल लागल्यावर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला अंतिम हिशेब सादर करावा लागतो. तो न दिल्यास कलम १०क नुसार आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. माझा विद्यार्थी हरला होता, तरी त्याने सगळ्या पावत्या चिकटवून हिशेब वेळेत दिला. या हिशेबांची पाहणी कोणाही नागरिकाला किरकोळ शुल्क भरून करता येते. पुढे मी माझ्या बारावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन तसे हिशेब पाहिले. मुलांनी पांढऱ्या पानांवरच्या बेरजा तपासल्या, त्या बरोबर होत्या. मग एका मुलीने विचारले, "सर, ती मोठी सभा झाली होती ना, ती यात कुठे आहे?" मी तिला कलम ७७ आणि त्याचे स्पष्टीकरण वाचायला दिले. त्या वर्षापासून 'एक मत, एक मूल्य' शिकवताना मी फळ्यावर त्या सूत्राशेजारी दोन सभांचा तो हिशेब मांडतो.