पावसाचे पाणी, विहिरीचे पाणी आणि उश्र

प्रश्न : आमच्या अभ्यासवर्गात जकातीचा धडा चालू आहे. जकात अडीच टक्के आणि तीही एक वर्ष पूर्ण झाल्यावर, असे आम्ही शिकलो. परंतु शेतीच्या उत्पन्नाबाबत कोणी दहावा हिस्सा सांगतो, कोणी विसावा. आमच्या घरी खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत गहू व हरभरा होतो. वडील माल विकून वर्षाच्या शेवटी उरलेल्या पैशांवर अडीच टक्के जकात देतात. हे बरोबर आहे काय? दहावा आणि विसावा हा फरक कशामुळे?
(एक विद्यार्थी, पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा)

उत्तर : थोडक्यात उत्तर असे की, जमिनीतून येणाऱ्या पिकाच्या जकातीला ‘उश्र’ म्हणतात. उश्र या शब्दाचा अर्थच ‘दहावा हिस्सा’ असा आहे. पीक पावसावर वाढले असेल तर दहावा हिस्सा आणि खर्च किंवा कष्ट करून पाणी दिले असेल तर विसावा हिस्सा द्यावयाचा असतो. यासाठी वर्ष पूर्ण होण्याची अट नाही. पीक हाती आले की हक्क लागू होतो. आता हे क्रमाने पाहू.

वर्षाची अट रोख रक्कम, सोने-चांदी आणि व्यापारी माल यांच्यासाठी आहे, कारण ही संपत्ती वाढण्यास काही काळ जावा लागतो. पीक मात्र घरात येते तेव्हा त्याची वाढ पूर्ण झालेली असते. म्हणूनच दिव्य कुरआनात सूरह अल्-अन्आमच्या 141 व्या आयतीत पिकाचा हक्क कापणीच्या दिवशी देण्याची आज्ञा आहे. वर्षात दोन पिके घेतली तर उश्रही दोनदा निघतो.

दहावा आणि विसावा हा भेद हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या व सहीह बुखारीत आलेल्या हदीसमध्ये स्पष्ट केलेला आहे. आकाशाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या, तसेच जमिनीतील ओलीवर मुळांनी स्वतः पाणी शोषून घेणाऱ्या पिकात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दहावा हिस्सा ठरविला आणि ओढून दिलेल्या पाण्यावरच्या पिकात त्याचा निम्मा. त्या काळी पाणी उंटावर लादून आणीत. आज ते विजेच्या मोटारीने येते. कारण एकच आहे, पाण्यासाठी पडलेला खर्च आणि श्रम. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी या प्रमाणांतील क्रम दाखविला आहे. गाडलेले धन विनाकष्ट सापडले तर पाचवा हिस्सा, पावसाच्या पिकात दहावा, पाणी दिलेल्या पिकात विसावा आणि सतत धडपड करावी लागणाऱ्या व्यापारात चाळिसावा. कष्ट वाढतात तसा हिस्सा प्रत्येक वेळी निम्मा होतो.

हा नियम तुमच्या चार पिकांना लावून पाहू. समजा, सोयाबीन 20 क्विंटल झाले व ते केवळ पावसावर आले. उश्र 2 क्विंटल. गहू 24 क्विंटल झाला व पेरणीपासून ओंबी भरेपर्यंत सर्व पाणी विहिरीचे होते. येथे विसावा हिस्सा, म्हणजे 1 क्विंटल 20 किलो. तुरीला पावसाने वाढविले. फुलोऱ्याच्या वेळी विहिरीचे एक पाणी दिले. अशा वेळी अधिक भार कोणत्या पाण्याचा, हे पाहिले जाते. येथे तो पावसाचा आहे, म्हणून दहावा हिस्सा.

हरभऱ्यात लोकांची चूक होते. पीक रब्बीचे, म्हणजे ते बागायतीच, असे समजून सरसकट विसावा हिस्सा काढला जातो. परंतु आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर टिकून राहिलेल्या ओलीवर जो हरभरा येतो, तो हदीसमध्ये सांगितलेल्या मुळांनी पाणी शोषणाऱ्या पिकांतच मोडतो. त्यावर दहावा हिस्सा आहे. तोच हरभरा तुषार संचाने तीन-चार वेळा पाणी देऊन काढला असेल, तर विसावा. म्हणून हंगामाचे नाव पाहू नये, पाणी कोठून आले ते पाहावे. दोन्ही पाणी अगदी समसमान असेल तर हनफी फिकहच्या प्रचलित मतानुसार विसावा हिस्सा द्यावा.

किती पिकावर उश्र लागतो, याविषयी इमामांत मतभेद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते पीक थोडे असो वा अधिक, उश्र आहेच आणि त्यात धान्याबरोबर कापूस व भाजीपालाही येतो. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) व इमाम मुहम्मद (रह.), तसेच इतर तीन इमाम पाच वसकची मर्यादा मानतात. आजच्या मापाने ती सुमारे 653 किलो गहू होते. आपल्याकडील हनफी उलेमा सामान्यतः इमाम साहेबांच्या मतावर फतवा देतात.

बियाणे, खत, मजुरी हा खर्च वजा करावा काय, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी विचारतो. हनफी फिकहमध्ये उत्तर ‘नाही’ असे आहे. उश्र संपूर्ण उत्पन्नातून निघतो, कारण पाण्याच्या खर्चाची सवलत प्रमाण निम्मे करून आधीच दिलेली आहे. पिकासाठी घेतलेले कर्ज आधी वजा करण्यास काही उलेमांनी वाव दिला आहे, त्यासाठी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे मत आधार म्हणून सांगितले जाते. कर्जाचा बोजा मोठा असेल तर वडिलांनी आपल्या परिस्थितीसह जवळच्या मुफ्ती साहेबांना विचारावे. भारतातील कोणती जमीन ‘उश्री’ मानावी, याविषयीही उलेमांत चर्चा आहे. तेव्हा आपल्या जमिनीचा इतिहासही त्यांना सांगावा. अनेक उलेमा सावधगिरी म्हणून उश्र देण्याचाच सल्ला देतात.

आता तुमच्या वडिलांची पद्धत. समजा, 20 क्विंटल सोयाबीन 4,000 रुपये क्विंटलने विकून 80,000 रुपये आले. उश्राची किंमत होते 8,000 रुपये. वर्षभर घरखर्च होऊन 30,000 रुपये उरले आणि त्यांवर अडीच टक्के दिले, तर 750 रुपये होतात. वडिलांची नियत नेक आहे, यात शंका नाही. परंतु या हिशेबात गरिबांचे 7,250 रुपये आपल्याकडेच राहून जातात. त्यांनी यापुढे माल घरी आला की हिस्सा वेगळा काढावा. धान्य द्यावे किंवा त्याची किंमत, दोन्ही चालते. मागील हंगामांचा हिस्सा राहिला असेल तर अंदाज करून तोही हळूहळू फेडावा.

एक शेवटची गोष्ट. उश्र दिलेले धान्य घरात खाण्यासाठी कितीही दिवस ठेवले तरी त्यावर पुन्हा काही लागत नाही. मात्र ते विकून आलेली रक्कम जकातीच्या तारखेला शिल्लक असेल, तर ती इतर रोख रकमेत मिळवावी आणि निसाब पूर्ण होत असल्यास त्यावर अडीच टक्के द्यावे. ती पैशाची जकात आहे, पिकाची नव्हे. उश्राचे हक्कदार जकातीचेच आहेत. ते सूरह अत्-तौबाच्या 60 व्या आयतीत सांगितले आहेत. आपल्याच शेतात मजुरी करणारा गरीब मुस्लिमही त्यांत येऊ शकतो. परंतु त्याला दिलेला हिस्सा मजुरीत धरता येणार नाही. मजुरी त्याच्या कामाचा मोबदला आहे आणि उश्र अल्लाहने ठरविलेला त्याचा हक्क आहे.

वल्लाहु आलम.