‘ताई, मी सेफ आहे ना?’

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका भगिनीने आम्हाला मोबाईलवर फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "जयभीम ताई. मी सेफ आहे ना?"

फोटो आरोग्य विम्याच्या शेड्यूलचा होता, म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या पानाचा. नावं, तारखा आणि रक्कम त्यावर असतात. काय मिळणार नाही, ते बहुतेक वेळा मागच्या जाड पुस्तिकेत असतं. म्हणून आम्ही उलट विचारलं, "कशापासून सेफ? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?" तेव्हा कळलं की पॉलिसीनंतर चार महिन्यांनी सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली आणि ऑपरेशन सांगितलंय.

आता तारीख बघू. पॉलिसी 10 जून 2025 पासून सुरू. पहिले 30 दिवस अपघात सोडून कोणताच आजार धरत नाहीत. ते दिवस संपले, म्हणून डेंग्यू-टायफॉईडसाठी भरती झाल्यास खर्च मिळेल. पण गर्भाशयाची गाठ, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांना वेगळी थांबण्याची मुदत असते. पुस्तिकेचं ते पान मागवलं, तर तिच्या पॉलिसीत ती 24 महिने निघाली. म्हणजे हे ऑपरेशन 10 जून 2027 पासून पुढे, तेही मध्ये खंड न पडता हप्ता भरला तरच. डॉक्टर इतकं थांबू देणार नसतील, तर विम्याच्या भरवशावर न राहता सरकारी रुग्णालयात नाव घालायला आम्ही सांगितलं.

मग नजर ‘आधीचे आजार’ या रकान्यावर गेली. तिथे ‘काही नाही’. ही बाई सहा वर्षं साखरेच्या गोळ्या घेते! एजंटने फॉर्म स्वतःच भरला, तिने फक्त सही केली. हे आम्हाला गाठीपेक्षा जास्त धोक्याचं वाटलं. उद्या पायाची जखम चिघळली की दवाखान्याच्या कागदावर "मधुमेह सहा वर्षं" असं लिहिलं जाईल, आणि कंपनी आजार लपवला म्हणून दावा नाकारू शकते. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. ती मुदत गेली होती. तरी आजार लेखी कळवा, पोच घ्या, असं आम्ही सांगितलं. कंपनी हप्ता वाढवेल, साखरेच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावेल, कदाचित पॉलिसीच रद्द करेल. पण ते आज कळेल, भरती झाल्यावर नाही.

शेवटची ओळ खोलीभाड्याची. चौघांत मिळून विमा 2 लाखांचा, खोलीभाडं रोज त्याच्या 1 टक्का, म्हणजे 2,000 रुपये. समजा नवरा गाडीवरून पडला आणि 4,000 ची खोली घेतली. तर भाडं अर्धंच मिळेल, आणि त्याच प्रमाणात डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटरचं बिलही कापलं जाईल. ते 40,000 असेल तर 20,000 घरातून जातील. औषधांच्या बिलाला ही कात्री लागत नाही. भरती करतानाच "दोन हजारांच्या आतली खोली द्या" असं म्हणायचं.

ती म्हणाली, "ताई, एजंट म्हणाला होता सगळं कव्हर आहे." आम्ही सांगितलं, ते त्याला लिहून द्यायला सांगा.