दोन बेडरूमच्या फ्लॅटची जाहिरात : वाचावी कशी?

इचिकावात भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाच्या हातात पहिल्यांदा येतो तो एजंटचा एकपानी कागद. वर नकाशा, खाली बारीक अक्षरातले आकडे. हा कागद जपानी असल्यामुळे आपण किंमत आणि फोटो पाहतो व बाकीचे सोडून देतो. खरे तर उपयोगाची माहिती त्या बारीक अक्षरांतच असते. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीसाठी या धंद्यातील संस्थांनी केलेली आणि सरकारने मान्य केलेली नियमावली आहे. तिच्यात ‘चालत ९ मिनिटे’ आणि ‘२एलडीके’ या शब्दांनाही मोजमाप ठरवून दिले आहे. ते एकदा समजले की कागद स्वतःच बोलू लागतो.

उदाहरणासाठी ग्योतोकु भागातील एका फ्लॅटची जाहिरात तयार केली आहे. फ्लॅट काल्पनिक आहे, पण जाहिरात नियमाला धरून आहे.

नवीन उपलब्ध : २एलडीके, दक्षिणेकडे बाल्कनी
तोझाई मार्ग, ग्योतोकु स्थानकापासून चालत ९ मिनिटे. आरसीसी इमारत, ७ पैकी ४ था मजला. बांधकाम पूर्ण : मार्च १९९८. किंमत ३२०० मान येन. क्षेत्रफळ ५८.४० चौ. मी. (भिंतींच्या मध्यापासून), नोंदणीप्रमाणे ५५.१० चौ. मी.; बाल्कनी वेगळी. बैठक-जेवण-स्वयंपाक १०.५ जो, खोल्या ६ जो व ५.२ जो. स्वयंपाकघराचा ओटा व न्हाणीघर ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलले. व्यवस्थापन खर्च दरमहा ११,००० येन, दुरुस्ती निधी दरमहा १२,५०० येन. सध्या रिकामा, वेळ ठरवून पाहता येईल. व्यवहाराचा प्रकार : मध्यस्थी. चिबा राज्यपाल परवाना (३).

या मजकुरात ‘स्वस्तात मस्त’, ‘सर्वोत्तम’, ‘अशी संधी पुन्हा नाही’ असे काही नाही. पुरावा दिल्याशिवाय असे शब्द वापरायला नियमावलीत मनाई आहे. तरीही जाहिरात आकर्षक वाटते, कारण दक्षिणेची बाल्कनी, नवा ओटा आणि रिकामे घर या खऱ्या गोष्टीच पुढे मांडल्या आहेत. घर ‘नवे करून दिले’ एवढे मोघम सांगून भागत नाही. काय बदलले आणि केव्हा, हे लिहावे लागते.

९ मिनिटे म्हणजे किती? ८० मीटरला १ मिनिट असा हिशेब आहे आणि उरलेला तुकडा वरच्या मिनिटात धरतात. रस्त्याने अंतर ७०० मीटर असेल तर ७०० भागिले ८० म्हणजे ८.७५, म्हणून ९ लिहायचे. हे अंतर चालण्याच्या रस्त्याचे असते, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले नव्हे. सप्टेंबर २०२२ पासून ते इमारतीच्या प्रवेशद्वारापासून मोजतात. सिग्नलला थांबणे, चढ, लिफ्टची वाट पाहणे, स्थानकाच्या दारापासून फलाटापर्यंत जाणे यांतले काहीच त्यात नसते. लहान मूल व बाबागाडी बरोबर असेल तर ९ मिनिटांची १३-१४ सहज होतात. घर पाहायला जाताना एजंटच्या गाडीतून न जाता स्थानकापासून चालत जावे.

२एलडीके कशाला म्हणतात? एल म्हणजे बैठक, डी म्हणजे जेवण आणि के म्हणजे स्वयंपाक. दोन बेडरूमच्या घरात ही एकत्र जागा किमान १० जो असेल तरच ‘एलडीके’ लिहिता येते. त्याहून लहान पण ६ जो किंवा अधिक असेल तर ‘डीके’. जाहिरातीत १ जो म्हणजे किमान १.६२ चौ. मी., म्हणून आपल्या उदाहरणातील १०.५ जो म्हणजे सुमारे १७ चौ. मी. बेडरूमला कायद्याने ठरवलेला उजेड मिळाला पाहिजे. तेवढी खिडकी नसेल तर ती खोली पलंग मावण्याइतकी असली तरी तिला बेडरूम म्हणता येत नाही. कागदावर ‘१एलडीके + एस’ असे येते. हा ‘एस’ दिसला तर ती खोली दिवसा दिवे बंद करून पाहावी.

दोन क्षेत्रफळे का? पहिला आकडा भिंतीच्या जाडीच्या मध्यापासून मोजलेला, ‘काबेशिन’. दुसरा भिंतीच्या आतल्या अंगापासून मोजलेला, ‘उचिनोरी’; सरकारी नोंदणीत हाच असतो. दोहोंत ३.३ चौ. मी., म्हणजे सुमारे ३५ चौ. फूट फरक आहे. महाराष्ट्रात सुपर बिल्ट-अपचा घोळ आपण पाहिला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने तिथे कार्पेट क्षेत्र सांगणे बंधनकारक केले. इथला फरक तितका मोठा नसतो, पण आयकरातील गृहकर्ज सवलतीसाठी किमान क्षेत्रफळाची अट आहे आणि त्यासाठी नोंदणीतील आकडा धरतात. लहान फ्लॅट पहिल्या आकड्याने अटीत बसतो आणि दुसऱ्याने बाहेर जातो, असे होऊ शकते. म्हणून कागदावर एकच आकडा असेल तर तो कोणता, हे विचारावे.

शेवटची ओळ महत्त्वाची. मान म्हणजे १० हजार. तेव्हा ३२०० मान म्हणजे ३ कोटी २० लाख येन. व्यवहार ‘मध्यस्थी’चा (बाइकाई) आहे, म्हणजे दलाली लागेल. या किमतीला तिची कमाल मर्यादा ३ टक्के अधिक ६०,००० येन आणि त्यावर १० टक्के उपभोग कर अशी आहे. ९,६०,००० अधिक ६०,००० म्हणजे १०,२०,०००. करासह ११,२२,००० येन. त्या जागी ‘विक्रेता’ (उरिनुशी) लिहिले असते तर ही दलाली लागली नसती. दरमहा २३,५०० येन कर्जाच्या हप्त्याशिवाय आहेत. त्यातला दुरुस्ती निधी पुढे वाढणार आहे का, हे जाहिरातीत असेलच असे नाही. सोसायटीचा दीर्घकालीन दुरुस्ती आराखडा आणि जमा शिल्लक मागावी. परवान्यातला (३) सांगतो की तो दोनदा नूतनीकरण झालेला आहे. परवाना ५ वर्षांचा असतो, म्हणजे धंदा किमान १० वर्षांचा.

बांधकामाचे वर्ष. १ जून १९८१ पासून भूकंपाचे नवे निकष लागू झाले. परंतु ते बांधकाम परवानगीच्या तारखेला लागतात आणि जाहिरातीत असते ती पूर्णतेची तारीख. १९८२ साली पूर्ण झालेली इमारत जुन्या निकषाची असू शकते. १९९८ च्या इमारतीबाबत हा प्रश्न उरत नाही.

कागदावर जे नसते. ग्योतोकु हा नदीमुखाजवळचा सखल भाग आहे. पुराच्या नकाशावर घर कुठे येते हे जाहिरातीत बहुधा नसते. ते करारापूर्वीच्या ‘जूयो जिको सेत्सुमेइ’ या निवेदनात परवानाधारक व्यक्तीने सांगायचे असते; ऑगस्ट २०२० पासून हे बंधनकारक आहे. पण तोवर आपले मन त्या घरात गुंतलेले असते. नगरपालिकेचा हा नकाशा आधीच पाहावा, आणि निवेदनाचा मसुदा सहीच्या दिवसापूर्वी घरी वाचायला मागून घ्यावा.

एक खूण लक्षात ठेवावी. दुकानात गेल्यावर ‘तो फ्लॅट आत्ताच गेला, पण दुसरा दाखवतो’ असे उत्तर मिळाले आणि पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली, तर ते आमिष समजावे. जपानीत त्याला ‘ओतोरी’ म्हणतात आणि त्याला मनाई आहे. अशा ठिकाणी दुसरा फ्लॅटही पाहू नये.