सेईतान म्हणजे शुद्ध ग्लुटेन का? व्हीगनांना चालते, सीलिअॅकच्या रुग्णाला का चालत नाही

प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्या, म्हणजे व्हीगन झालेल्या मुलामुलींच्या तोंडी हल्ली ‘सेईतान’ हे नाव ऐकू येते. मटणासारखा चावा लागणारा हा पदार्थ गव्हाचा असतो. सेईतान हे नाव विसाव्या शतकात जपानमध्ये पडले, पण पदार्थ जुना आहे. चीनमधील बौद्ध विहारांत मांसाऐवजी तो शतकानुशतके रांधला जातो. तेथे त्याला म्येनजिन म्हणतात.

तो कसा होतो हे कुरडई करणाऱ्या आयाबहिणींना लगेच कळेल. कुरडईसाठी आपण भिजवलेला गहू वाटून त्याचा पांढरा चीक काढतो आणि चोथा बाजूला टाकतो. सेईतानमध्ये याच्या उलट करतात. अर्धा किलो मैदा घट्ट मळून तासभर झाकून ठेवायचा. मग तो गोळा पाण्यात चोळत राहायचा. पाणी दुधासारखे पांढरे होते, कारण त्यात गव्हाचे पिष्ट उतरते. चार-पाच वेळा पाणी बदलले की ते बरेच नितळ होते आणि हातात रबरासारखा ताणणारा, साधारण 150 ग्रॅमचा गोळा उरतो. तो मसाल्याच्या पाण्यात उकडला की सेईतान तयार.

हा गोळा शुद्ध ग्लुटेन आहे का? तंतोतंत नाही. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असते. ते वाळवून केलेल्या ग्लुटेनच्या पिठातही प्रथिने शेकडा 75 ते 80 असतात. बाकी धुऊन न गेलेले पिष्ट, थोडी चरबी आणि ओल. बाजारच्या सेईतानमध्ये सोया सॉस, डाळीचे पीठ, मसालेही असतात. पण त्यातली प्रथिने मुख्यतः ग्लुटेनचीच असतात, म्हणून ‘गव्हाचे ग्लुटेन’ म्हणणे चूक नाही.

व्हीगन माणसासाठी यात प्राण्याचे काही नाही आणि 100 ग्रॅममध्ये 20 ते 25 ग्रॅम प्रथिने मिळतात. उणीव दोन ठिकाणी आहे. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो. तो तूर, मूग, हरभरा, सोयाबीन यांत भरपूर आहे. म्हणून सेईतान खाल्ले म्हणून डाळ सोडू नये. दुसरे, त्यात बी-12 जीवनसत्त्व नसते. दूध-अंडीही सोडलेल्याने त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आता समजा, त्याच घरात एका मुलाला सीलिअॅक आजार आहे. या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, रक्त न वाढणे, मुलाची उंची खुंटणे अशी लक्षणे दिसतात. काहींना जुलाब होतच नाहीत, नुसता पंडुरोग राहतो. अशा रुग्णाला रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन, म्हणजे चिमूटभर कणकेतले, काही महिने गेले तरी आतडे बिघडते. 100 ग्रॅम सेईतानमध्ये 20 ग्रॅम ग्लुटेन धरले, तर ते त्याच्या 400 पट झाले. उकडल्याने, तळल्याने ग्लुटेन नाहीसे होत नाही. पाकिटावर ‘व्हीगन’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच की प्राण्याचे काही नाही. रुग्णाने ‘ग्लुटेन-फ्री’ हे शब्द शोधावेत. आपल्या देशात त्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे.

अशा घरात आणखी चार ठिकाणी लक्ष ठेवावे. गाड्यावरच्या सोया चापमध्ये बहुधा मैदा असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. डबीतल्या बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आणि ज्वारी स्वतः निर्धोक असली, तरी गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचे पीठ तिच्यात मिसळते. म्हणून रुग्णाचे दळण वेगळ्या जात्यावर किंवा घरगुती चक्कीवर करावे. कुरडईच्या चिकातही थोडे ग्लुटेन राहते, त्यामुळे कुरडईही रुग्णाला देऊ नये. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी त्याला चालतात.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. शंका आली म्हणून तपासणीआधीच पोळी बंद करू नका. गहू बंद केला की रक्तातली टीटीजी तपासणी खोटीच चांगली येऊ शकते. आधी डॉक्टरांकडून तपासणी, नंतर पथ्य, आणि आजार ठरलाच तर ते पथ्य आयुष्यभर.