आत्याची पत्रिका दोन गल्ल्यांपलीकडेच राहिली

मुलीच्या लग्नाची पत्रिका आत्याला मिळालीच नाही, हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. तोवर लग्नाला पंधरा दिवस होऊन गेले होते. भिंगारच्या सदर बाजारात आत्याचं जुनं घर आहे, तिथं आता भाडेकरू राहतात. त्या घरच्या बाई ज्वारीचा डबा घेऊन नंबराला उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काका, तुमच्या आत्याबाईंच्या नावानं पत्रिका आलीय आमच्याकडं. त्या आल्या की देऊ म्हणून देवापाशी ठेवलीय."

आत्या २०२१ पासून पुण्यात कोथरूडला मुलाकडे राहते. पत्रिका आमच्या घरून निघाली, पोस्टात गेली, शिक्का खाऊन आली आणि दोन गल्ल्या ओलांडून तिच्या जुन्या दारात पडली. आत्या लग्नाला आली नाही. "फोन तरी करायचास," असं तुम्ही म्हणाल. मला वाटलं बायकोनं केला, तिला वाटलं मी केला. शिवाय मी व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवली होती आणि तिथं दोन खुणाही उमटल्या होत्या. त्या खुणांनी मला निर्धास्त केलं.

हे सगळं झालं ते लग्नाआधी महिनाभर मी मोबाइलमधली नावं "साफ" केली म्हणून. दोष मोबाइलमधल्या त्या सोयीचा नाही. ती काय करते हे न समजता मी बटण दाबलं.

माझ्या मोबाइलमध्ये आत्या दोनदा होती. "आत्या भिंगार" या कार्डात सदर बाजारचा पत्ता, पिन ४१४००२, तिचा जुना मोबाइल नंबर आणि तिच्या मुलाचा नंबर. "आत्या पुणे" या कार्डात कोथरूडचा पत्ता, पिन ४११०३८, तिचा नवा नंबर आणि पुन्हा मुलाचा तोच नंबर. असे दुहेरी लोक माझ्याकडे तीस-पस्तीस होते. गूगलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये Merge & fix नावाची जागा आहे. तिथं नाव, नंबर किंवा ईमेल जुळणाऱ्या जोड्या समोर येतात. प्रत्येक जोडीखाली Merge असतं आणि सगळ्यात वर Merge all. पस्तीस वेळा कोण दाबणार, म्हणून मी वरचं दाबलं. क्षणात यादी आटोपशीर झाली. बायकोला दाखवूनही आलो.

माझी समजूत अशी की दोन कार्डं एक झाली म्हणजे जुनं गेलं आणि नवं राहिलं. तसं होत नाही. एकत्र करणं म्हणजे दोन्ही पिशव्या एका पिशवीत ओतणं. दोन्ही कार्डांतला प्रत्येक नंबर, प्रत्येक ईमेल, प्रत्येक पत्ता नव्या कार्डात येतो. अक्षरन् अक्षर सारखं असेल तेवढंच एकदा धरलं जातं. कुठला पत्ता शिळा आहे हे मोबाइलला कळायला काही मार्ग नाही. आत्याच्या एकत्र झालेल्या कार्डात दोन पत्ते होते आणि पहिला होता भिंगारचा.

आपल्या जिल्ह्याच्या लोकांना यात एक जास्तीचा घोळ आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एकाच माणसाच्या एका कार्डात जुनं नाव आणि दुसऱ्यात नवं असेल, तर घर तेच असूनही मोबाइलच्या लेखी ते दोन पत्ते ठरतात. माझ्या यादीत असे सात जण निघाले. हे निरुपद्रवी आहे, कारण पिन तोच आहे आणि टपाल पोचतं. पण खरोखर जुना झालेला पत्ता या गर्दीत लपून बसतो.

पुढचा टप्पा पत्रिकांचा. पाकिटांवर हातानं पत्ते लिहायचे नाहीत, लेबलं छापायची, असं ठरलं. मी कॉन्टॅक्ट्समधून Export करून, Google CSV प्रकार निवडून, फाइल छापखान्यात दिली. ही फाइल म्हणजे एक लांबलचक तक्ता असतो. एका माणसाची एक ओळ, आणि पत्त्यांचे रकाने ओळीनं: Address 1 - Formatted, मग पुढे Address 2 - Formatted. छापखान्यातल्या पोरानं पहिला रकाना घेतला. त्याच्या जागी कुणीही तोच घेतला असता. दुसऱ्या रकान्यात ज्यांचा खरा पत्ता होता, त्यांची पाकिटं जुन्या दारी गेली.

पकडायची युक्तीही याच तक्त्यात आहे आणि ती मला उशिरा सुचली. फाइल उघडायची आणि फक्त Address 2 - Formatted हा रकाना वरपासून खालपर्यंत बघायचा. तिथं काहीही लिहिलेलं असेल, तर त्या माणसाला दोन पत्ते आहेत. माझ्या १४३ पाहुण्यांत अकरा ओळी अशा निघाल्या. सात नगर-अहिल्यानगरच्या, चार खरोखर घर बदललेल्यांच्या, आणि त्या चारांत आत्या. दहा मिनिटांचं काम होतं. (फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठी नावांच्या जागी चिन्हांची गिचमिड दिसू शकते आणि नंबर 9.19E+11 असे दिसतात. घाबरू नका, पण तशी फाइल सेव्हही करू नका. गूगल शीट्समध्ये उघडली तर मराठी नावं नीट वाचता येतात.)

आता व्हॉट्सअॅपच्या त्या दोन खुणा. आत्यानं जुना नंबर सोडून तीन वर्षं झाली होती. बंद झालेला मोबाइल नंबर आपल्याकडे किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जाऊ शकतो. आत्याचा गेला होता. त्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर माझ्या मुलीची पत्रिका पोचली आणि माझ्या पडद्यावर मात्र वर नाव "आत्या". नाव आपल्या कार्डातून येतं, नंबर कुणाचाही असो. म्हणून दोन खुणा म्हणजे त्या नंबरावर कुणाला तरी संदेश पोचला, एवढाच अर्थ. एकत्र केलेल्या कार्डात दोन मोबाइल नंबर दिसले की दोन्हीवर एकदा बोलून बघावं.

Merge all चा दुसरा फटका पाटील सरांनी दिला. माझ्याकडे दोन पाटील सर: एक माझे जुने मुख्याध्यापक, दुसरे मुलाचे क्लासचे. नाव हुबेहूब सारखं, म्हणून जोडी लागली आणि दोघांचा एक माणूस झाला. हे मला दोन महिन्यांनी कळलं, मुख्याध्यापकांच्या गावच्या पत्त्याखाली क्लासचा नंबर दिसला तेव्हा. वेळेत कळलं असतं तर उपाय होता. संगणकावर contacts.google.com उघडून वरच्या दातेरी चाकात Undo changes असतं. त्यातून दहा मिनिटांपूर्वीची, काल किंवा आठवड्यापूर्वीची, फार तर ३० दिवसांपूर्वीची यादी परत आणता येते. मात्र ती अख्खी यादी मागे नेते. मधल्या काळात नवा प्लंबर जोडला असेल तर तोही जातो. माझे ३० दिवस उलटले होते, त्यामुळे सर हातानं वेगळे केले. तेव्हा जोड्या एकेक बघूनच जुळवा. नाव सारखं पण एकही नंबर किंवा ईमेल सारखा नाही, अशी जोडी दिसली की थांबा. तिथं Dismiss आहे. आणि सुरुवात करण्याआधी एकदा Export करून फाइल बाजूला ठेवा, म्हणजे ३० दिवसांनंतरही जुनं काय होतं ते वाचता येतं.

सगळी जुळवाजुळव करूनही आत्या तिसऱ्यांदा दिसत राहिली, ते सिमकार्डामुळे. सिमवर मुख्यतः नाव आणि नंबर मावतो, पत्ता नाही, आणि गूगलची जुळवणी फक्त गूगल खात्यातल्या कार्डांपुरती चालते. आधी सिमवरची नावं खात्यात आणून घ्यावी लागतात, मग जोडी लागते.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. आत्याचं कार्ड उघडलं, पेन्सिलीच्या खुणेला स्पर्श केला, भिंगारचा पत्ता आणि जुना नंबर त्यांच्या रकान्यांतून पुसला. पण पत्ता टाकून दिला नाही. तळाशी Notes असतं, तिथं लिहिलं: "२०२१ पर्यंत सदर बाजार, भिंगार". टीप लेबलावर छापली जात नाही आणि जुनं पत्र सापडलं तर संदर्भ हाताशी राहतो. मग Save. हे विसरून मी एकदा मागे आलो होतो, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

कार्ड दुरुस्त झालं तरी एक भूत उरतं. आत्याच्या मुलाला लग्नाचे फोटो पाठवायला बसलो. त्याच्या कार्डात नवा ईमेल होता, तरी जीमेलमध्ये दोन अक्षरं टाकताच त्याच्या जुन्या कचेरीचा ईमेल वर आला. जुना पत्ता कार्डात नव्हताच. आपण ज्यांना कधी मेल केलेला असतो, त्यांचे ईमेल Other contacts नावाच्या वेगळ्या यादीत आपोआप साठतात आणि मेल लिहिताना तिथूनही सुचवले जातात. ही यादी संगणकावर डावीकडच्या पट्टीत सापडते. तिथं जाऊन तो जुना ईमेल वेगळा पुसावा लागतो. पुढं साठूच नये असं वाटत असेल, तर जीमेलच्या सेटिंगमध्ये Create contacts for auto-complete आहे, तिथं I'll add contacts myself निवडायचं. मी निवडलेलं नाही. इतर वेळी ती यादी कामाची असते.

सगळं झाल्यावर आत्याला फोन लावला. माफी मागितली, आणि जाता जाता कार्डातला पत्ता वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाकी बरोबर आहे रे, पण फ्लॅट सात नाही, सतरा. सातमध्ये आम्ही पहिल्या वर्षी भाड्यानं होतो."

म्हणजे पत्रिका दुसऱ्या रकान्यातल्या पत्त्यावर गेली असती तरी चुकलीच असती. सतरा लिहिलं, Save केलं, आणि गिरणीत भेटलेल्या बाईंकडून आणलेली पत्रिका नव्या पाकिटात घालून त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवली. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला: मिळाली.